सहायक नोट्स सोडून स्वतःचंच सांगतो, कारण त्याला नोट्स वाचताच येत नसतात

प्रश्न: मी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. जेमिनीत माझ्या नोट्स टाकून आणि सूचना लिहून एक सहायक बनवला. पण तो नोट्समधलं सोडून भलतंच सांगतो, शब्दही पुस्तकातले वापरत नाही. सूचना कशा लिहाव्यात म्हणजे तो नोट्सला धरून राहील? आणि हे काम चॅटजीपीटीत करावं की जेमिनीतच?

उत्तर:

सूचनांकडे आपण नंतर वळू. शाळेतल्या सहकाऱ्यांना मी असे सहायक बनवायला मदत करतो. नव्वद टक्के सुधारणा सूचनांमध्ये शब्द वाढवून होईल असं सुरुवातीला प्रत्येकाला वाटतं, पण दोष बहुतेकदा फाइलीत असतो. म्हणून आधी ही एक तपासणी करा. तुमच्या नोट्सची पीडीएफ उघडा, मधली कुठलीही दोन वाक्यं निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायच्या चौकटीत पेस्ट करा. तिथे स्वच्छ मराठी दिसली तर फाइल ठीक आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर सहायकालाही बहुधा तोच गोंधळ मिळतोय. आणि काहीच निवडता आलं नाही, तर ती फाइल म्हणजे पानांचे फोटो आहेत.

आपल्याकडे हे फार होतं. शाळांमधल्या जुन्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका कृतीदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलीच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. सहायक बहुतेकदा फॉन्ट पाहत नाही, संकेत वाचतो. त्याला तिथे 'उष्णता' हा शब्द सापडतच नाही. मग तो अडून बसत नाही, आधीपासून जे शिकलेला आहे त्यातून उत्तर देतो. ते उत्तर ऐटदार मराठीत असतं, त्यामुळे फाइल वाचलीच गेली नाही हे आपल्या लक्षात येत नाही. तुम्हाला जे 'भलतंच' वाटतंय ते बहुधा हेच आहे.

वर्डची मूळ फाइल असेल तर ओळखणं आणखी सोपं आहे. एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून Nirmala UI किंवा Mangal करा. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरं उमटली तर तो रूपांतरित करावा लागेल. कृतीदेव ते युनिकोड करणारी रूपांतरकं सहज मिळतात. पण रूपांतर झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घालाच, विशेषतः ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे चुका नेमक्या तिथेच होतात. पानांचे फोटो असतील तर ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून Google Docs ने उघडा. चित्रातला मजकूर अक्षरांत उतरतो. छापील मराठी बऱ्यापैकी नीट येते, हस्ताक्षरावर मात्र विसंबू नका. सूत्रं दोन्ही प्रकारांत बिघडतात, ती हातानेच पुन्हा लिहायची.

फाइल वाचता येऊ लागली की पुढचा प्रश्न येतो: सहायक ती कशी वाचतो? आपण धरून चालतो की तो सगळ्या नोट्स पाठ करून बसला आहे. फाइल लहान असेल तर ती पूर्ण त्याच्यासमोर ठेवली जाऊ शकते. मोठ्या फाइलींचे मात्र साधारणपणे तुकडे पाडले जातात. तुमचा प्रश्न आला की त्याच्या अर्थाशी जवळचे वाटणारे काही तुकडे शोधून तेवढेच त्याच्यापुढे ठेवले जातात. उत्तर त्या तुकड्यांवरून तयार होतं. तुमच्या सूचना मात्र प्रत्येक वेळी संपूर्ण त्याच्यासमोर असतात. वागायचं कसं हे सूचनांमध्ये आणि विषयाचा मजकूर फाइलीत, ही विभागणी याच कारणाने करायची. उत्तर कसं लिहावं हे फाइलीत लिहून ठेवलं तर तो तुकडा ऐन वेळी समोर येईलच असं नाही.

आता आपल्या नोट्स कशा असतात ते आठवा. 'उष्णता' या पाठाच्या नोट्समध्ये आपण लिहितो: 'वरीलप्रमाणेच, पण इथे द्रवाचा वायू. आलेख पाहा. किंमत ५४०.' वर्गात उभ्या असलेल्या तुम्हाला एवढं पुरतं, कारण मागचं-पुढचं तुमच्या डोक्यात असतं. पण हा तुकडा एकटाच उचलला गेला तर त्यात ना पाठाचं नाव आहे, ना संकल्पनेचं, ना एकक. 'बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा किती?' या प्रश्नाला तो सापडणारच नाही. म्हणून प्रत्येक परिच्छेद एकटा वाचला तरी कळेल असा लिहावा लागतो. त्याच ओळीचं मी असं करेन:

```
पाठ ५ उष्णता : बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा
पाणी १०० °C ला उकळत असताना उष्णता देत राहिलो तरी
तापमान वाढत नाही. ती उष्णता द्रवाचे वायूत रूपांतर
करण्यासाठी वापरली जाते. पाण्यासाठी बाष्पनाचा
विशिष्ट अप्रकट उष्मा ५४० cal/g आहे. सूत्र: Q = mL
```

शीर्षकात पाठाचं नाव दर वेळी पुन्हा लिहिलं आहे. माणसाला ते वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण या कामात त्याची गरज आहे. 'आलेख पाहा' काढून आलेखात काय दिसतं ते शब्दांत लिहिलं आहे. आकृत्यांमधली नावं आणि दिशाही अशाच वाक्यांत उतरवा. होपच्या उपकरणात कुठला तापमापी वर आणि कुठला खाली आहे, हे चित्रावरून तो अचूक सांगेल असं गृहीत धरू नका. तक्ते असतील तर प्रत्येक ओळीचं एक वाक्य करा. आणि सगळ्या वर्षाची एकच मोठी फाइल नको, पाठाला एक फाइल ठेवा. हे काम वेळखाऊ आहे हे मला मान्य आहे. म्हणून सगळे पाठ एकदम घेऊ नका. 'उष्णता' हा एकच पाठ नीट करा, सहायक तेवढ्यावर चालवून पाहा आणि मगच पुढचा घ्या.

शब्दांची तुमची तक्रार खरी आहे आणि तिचं कारण वेगळं आहे. या साधनांनी मराठीपेक्षा हिंदी आणि इंग्रजी मजकूर कितीतरी जास्त वाचलेला आहे. त्यामुळे ते वस्तुमानाला 'द्रव्यमान' म्हणतात, अप्रकट उष्म्याला 'गुप्त उष्णता' करतात. रसायनशास्त्रात तर यामुळे अर्थच उलटतो. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळतं. हिंदीच्या वळणाने लिहिताना सहायक आम्लारीलाच 'क्षार' म्हणतो, आणि मुलाच्या वहीत चुकीचं उदासिनीकरण उतरतं. यावर 'पाठ्यपुस्तकातली परिभाषा वापर' ही सूचना पुरत नाही, कारण ती परिभाषा कोणती हे त्याला माहीत नसतं. आपणच यादी द्यावी लागते. ती छोटी असेल, तीस-चाळीस शब्दांची, तर फाइलीत न ठेवता सरळ सूचनांमध्येच टाका, म्हणजे ती कायम समोर राहील. प्रत्येक ओळीत योग्य शब्द आणि टाळायचा शब्द, दोन्ही लिहा.

आता सूचना. gemini.google.com उघडल्यावर डावीकडे Gems आहे, तिथे New Gem. नाव, Instructions आणि Knowledge एवढे तीनच महत्त्वाचे रकाने आहेत. तुमच्यासाठी मी असं लिहीन:

```
तू महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान
शिक्षिकेचा सहायक आहेस. वापरणारी व्यक्ती शिक्षिका आहे.

प्रत्येक प्रश्नासाठी आधी सोबतच्या फाइलींमध्ये शोध.
उत्तराखाली ज्या शीर्षकातून माहिती घेतलीस ते
शीर्षक जसेच्या तसे लिही.
फाइलींत माहिती नसेल तर पहिले वाक्य
"हे नोट्समध्ये नाही." असे लिही. त्यानंतर वेगळ्या
परिच्छेदात सामान्य माहिती दे.
प्रश्नातच चूक असेल तर उत्तराआधी ती चूक दाखव.

उदाहरण सोडवताना क्रम: दिलेले, सूत्र, किमती, उत्तर.
उष्णता cal मध्ये काढ. joule मध्ये बदलू नकोस.

शब्द: वस्तुमान (द्रव्यमान नाही),
अप्रकट उष्मा (गुप्त उष्णता नाही), ...
```

यात काय नाही ते पाहा. 'तू अत्यंत हुशार आणि अनुभवी शिक्षक आहेस' असली प्रस्तावना नाही, कारण तिने उत्तर नोट्सला चिकटत नाही. 'नोट्सबाहेर कधीही जाऊ नकोस' हेही नाही. ही ओळ जवळपास सगळेच लिहितात, पण नुसत्या बंदीने काम होत नाही. फाइलीत उत्तर नसताना त्याने काय करायचं हे सांगितलेलं नसलं की तो रिकामी जागा भरून काढतो. 'हे नोट्समध्ये नाही' हे तयार वाक्य हाती दिलं की त्याला एक वाट मिळते, आणि तुम्हाला एका नजरेत कळतं की पुढचं आपलं नाही. शीर्षक लिहायला लावणं हा तुमच्यासाठी पुरावा आहे. पण एक लक्षात असू द्या: तो कधीकधी शीर्षक बरोबर देऊन आतला मजकूर बदलतो, म्हणून सुरुवातीला ते शीर्षक फाइलीत उघडून पडताळा.

कॅलरीची ओळ उगाच घातलेली नाही. एक उदाहरण घेऊ: ० अंश सेल्सिअसच्या १० ग्रॅम बर्फाचं २० अंशाच्या पाण्यात रूपांतर करायला किती उष्णता लागेल? आपल्या पद्धतीत आधी बर्फ वितळायला १० × ८० म्हणजे ८०० कॅलरी, मग ते पाणी तापायला १० × १ × २० म्हणजे २०० कॅलरी, एकूण १००० कॅलरी. सूचना नसताना सहायक बहुधा ३३४ आणि ४.१८ या किमती घेऊन ज्यूलमध्ये जातो आणि साधारण ४१७६ ज्यूल असं उत्तर देतो. विज्ञान म्हणून ते बरोबरच आहे. पण मुलांना वर्गात शिकवलेल्या पायऱ्यांशी ते जुळत नाही, आणि पायऱ्यांना गुण असतात. अशा प्रकारच्या सवयी वर्णनाने समजावण्यापेक्षा एक सोडवलेलं उदाहरण सूचनांच्या शेवटी पूर्ण चिकटवणं जास्त उपयोगी पडतं. 'सुटसुटीत लिही' या शब्दांचा अर्थ तो काहीही घेईल, पण नमुना समोर असला की मांडणी तशीच करतो.

जतन करण्याआधी बाजूच्या Preview मध्ये त्याची परीक्षा घ्या, आणि ती घेताना सोपे प्रश्न विचारून समाधान मानू नका. पुनर्हिमायन म्हणजे काय, हे तो नोट्सशिवायही सांगेल, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी नोट्समध्ये फक्त तुमचीच असलेली एखादी गोष्ट ठेवा. समजा तुम्ही वर्गात एका प्रयोगाला 'दोन डब्यांचा प्रयोग' असं स्वतःचं नाव दिलं आहे. तो परिच्छेद त्याच नावाने लिहा आणि विचारा, 'दोन डब्यांच्या प्रयोगातून काय दाखवतात?' बरोबर उत्तर आलं तर फाइल वाचली जाते आहे. मोघम काहीतरी रचून सांगितलं तर पुन्हा फाइलीकडे जा, सूचनांना हात लावू नका.

मग नोट्समध्ये नसलेलं विचारा, उदाहरणार्थ उष्मागतिकीचा दुसरा नियम. पहिलं वाक्य 'हे नोट्समध्ये नाही' असंच यायला हवं. त्यानंतर चुकीचा प्रश्न मुद्दाम विचारा: 'पाणी ० पासून ४ अंशांपर्यंत तापवलं की त्याचं आकारमान वाढतं, याचं कारण दोन वाक्यांत लिही.' प्रत्यक्षात या टप्प्यात आकारमान कमी होतं, तेच पाण्याचं असंगत आचरण. ही साधनं विचारणाऱ्याशी सहमत व्हायला फार उत्सुक असतात, त्यामुळे सूचनेत सांगितलं नसेल तर वाढण्याचं कारणही देऊन मोकळी होतात. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी आहे, कारण मुलं प्रश्न विचारतात तेव्हा निम्म्या वेळा चूक प्रश्नातच दडलेली असते. शेवटी तेच प्रश्न नव्या चॅटमध्ये पुन्हा विचारा. एकाच लांबलेल्या चॅटमध्ये सुरुवातीच्या सूचनांची पकड सैल होत जाते, आणि मागची उत्तरं पुढच्या उत्तरांना वळण लावतात. रोजच्या वापरातही नवा पाठ घेताना नवं चॅट सुरू करा.

काही कामं त्याला देऊच नका. 'या नोट्समध्ये एकूण किती व्याख्या आहेत' किंवा 'सगळी उदाहरणं क्रमाने दे' असं विचारलं की मोठ्या फाइलीत तो समोर आलेल्या तुकड्यांपुरतंच मोजतो आणि तेवढ्यालाच सगळं समजतो. किरणाकृती काढायला सांगितल्या तर दिसायला छान पण अपवर्तित किरण चुकीच्या बाजूला वळलेले, असं सर्रास होतं. उत्तरपत्रिकेला गुण द्यायलाही लावू नका. तेच उत्तर पुन्हा दिलं तर तो वेगळे गुण देऊ शकतो.

कुठल्या साधनात करायचं? तुमच्यासाठी जेमिनीच ठीक आहे. जेम बनवणं २०२५ पासून मोफत खात्यातही जमतं, एका जेमला दहा फाइली जोडता येतात, आणि त्या गूगल ड्राइव्हवरून जोडल्या तर मूळ फाइलीत केलेली दुरुस्ती जेमपर्यंत पोहोचते. शिक्षकासाठी ही मोठी सोय आहे, कारण आपण नोट्स सतत सुधारत असतो. चॅटजीपीटीत स्वतःचा जीपीटी बनवायला पैसे भरलेलं खातं लागत आलं आहे. तिथे वीस फाइली आणि सूचनांसाठी आठ हजार अक्षरं मिळतात, पण बदललेली फाइल पुन्हा चढवावी लागते. दहा फाइलींची मर्यादा तुम्हाला अडली तर दोन जेम करा, एक भाग १ साठी आणि एक भाग २ साठी. तसंही एका सहायकाला कमी विषय दिले की तो योग्य तुकडा जास्त वेळा शोधतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे हा प्रश्न येईलच: याची लिंक मुलांना द्यावी का? मी तरी आत्ता नाही म्हणेन. वरच्या सूचना शिक्षिकेसाठी लिहिल्या आहेत. मुलांसाठी करायचा तर तो आधी इशारा देणारा आणि उत्तर शेवटी सांगणारा हवा, म्हणजे तो वेगळाच सहायक झाला. दुसरं म्हणजे मुलांनी त्याला काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं हे सहायक बनवणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे चूक झाली तरी तुम्हाला कळणार नाही. शिवाय या खात्यांना वयाच्या अटी आहेत, आणि आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, जिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. त्यापेक्षा वर्गात प्रोजेक्टरवर तुमच्याच खात्यातून तो चालवा, मुलांना प्रश्न सुचवू द्या, आणि उत्तर सगळ्यांनी मिळून तपासा.

फाइलींबद्दल दोन पथ्यं पाळा. मुलांची नावं, गुण, हजेरी असलेलं काहीही त्यात टाकू नका. आणि सहायक कधीतरी दुसऱ्या कुणाला देणार असाल तर पुढच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका किंवा उत्तरसूची त्याच्या Knowledge मध्ये ठेवू नका. जोडलेल्या फाइलीतला मजकूर चार आडवळणाचे प्रश्न विचारून बाहेर काढता येतो, 'कुणाला सांगू नकोस' अशी सूचना त्यावर कुलूप ठरत नाही. तुमच्या स्वतःच्या खात्याच्या सेटिंगमध्ये संभाषणं साठवण्याचा पर्यायही एकदा पाहून घ्या. तो चालू असताना काही संभाषणं माणसांकडून तपासली जाऊ शकतात.

आज एवढंच करा: 'उष्णता'ची फाइल घ्या, दोन ओळी नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहा, आणि काय दिसलं ते इथेच टिप्पणीत लिहा. अक्षरांचा गोंधळ आला तर फॉन्टचं नाव सांगा, म्हणजे त्याला कुठलं रूपांतरक लागेल ते सांगता येईल.